चिकटपट्टीखालचा त्रिकोण

टपाल तिकिटांच्या मध्ये भोकं असतात, ती फाडणं सोपं जावं म्हणून.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : पाठ असलेली खुर्ची. दिवसातून किती वेळा, ते लिहिलं नाही.

एका गाईला एकदा तार लागली. जखम आपोआप भरली. गाईने त्याचं काही मनावर घेतलं नाही.

दिरांनी घरात आजवर आणलेली प्रत्येक वस्तू चमकते. छत्रीसुद्धा.

पाटी : येथे चिकटवलेल्या सोलचे जोड घेतले जात नाहीत.

एकतीस.

*

एकतीस म्हणजे परत आलेले जोड.

दुकान कोपऱ्यावर होतं, दोन पायऱ्या चढून. तिथे फक्त ऑफिसचे बूट मिळायचे, काळे आणि तपकिरी. वकील, बँकेतले लोक, हॉटेलातले वेटर, मुलाखतीला निघालेली मुलं अशी गिऱ्हाइकं यायची. हौसेने तिथे कोणी येत नसे. ज्यांना कोणीतरी 'बूट घालून या' असं सांगितलेलं असे, ते येत.

दुकान एका बाईंचं होतं. माल निवडायचं काम त्यांचे दीर करायचे. दीर बूट उजेडाकडे धरायचे, त्यात स्वतःचा चेहरा दिसला की 'पास' म्हणायचे. गेल्या हंगामात त्यांनी पास केलेल्यांपैकी एकतीस जोड तीन महिन्यांत परत आले. बोटं जिथे वाकतात तिथला वरचा थर उन्हात सोललेल्या पाठीसारखा निघाला होता. एका वेटरने निघालेला थर पाकिटात घालून आणला होता. पुरावा म्हणून.

"भावोजी," बाई म्हणाल्या, "यात अजून चेहरा दिसतो का बघा."

दिरांनी खरंच बघितलं. "थोडा दिसतो," ते म्हणाले.

पायऱ्यांच्या बाजूला, भिंतीला टेकून एक लाकडी खोकं होतं. त्यात दाभणमामा बसायचे. एकोणीस वर्षं तिथेच, नऊ इंच उंचीच्या स्टुलावर, गुडघ्यांत बूट अडकवायचा लोखंडी पाय आणि त्यावर दुरुस्तीला आलेला कोणाचा तरी बूट. लोक त्यांना दाभणमामा म्हणायचे, कारण एक दाभण कायम त्यांच्या कानामागे असायचं. दुसऱ्या कानाला ऐकू यायचं.

बाईंनी ठरवलं की माल निवडायला वेगळा माणूस ठेवायचा. दुकानाच्या आत, खिडकीजवळ टेबल. आणि खुर्ची. त्यांनी हे दाभणमामांना सांगितलं तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला.

"खुर्चीला पाठ आहे?"

"आहे की. खुर्चीला पाठ असतेच, मामा."

"मग मी येतो."

"असं नाही. आधी बघू. मंगळवारी तीन कारखान्यांचे नमुने येतायत. एकशेवीस जोडांची ऑर्डर आहे. तुम्ही कुठला सांगता ते बघते आणि मग ठरवते."

मामांनी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बूटच बघायचेत ना?" ती म्हणाली. "त्यात काय पडायचंय? रात्रंदिवस तेच करता."

"बघू."

"बघू काय? रात्री कुशीवर वळताना दारासारखे कुरकुरता. ती खुर्ची घेऊनच या. नोकरी नाही दिली तरी खुर्ची मागा."

*

मंगळवार, सकाळी अकरा. टेबलावर सहा बूट.

बाईंनी सोलच्या मधल्या अरुंद भागावरचे शिक्के काळ्या चिकटपट्टीने झाकले होते. आतल्या टाचेवरच्या सोनेरी अक्षरांवर पांढरे कागद चिकटवले होते. खडूने लिहिलं होतं : क, ख, ग.

"नाव बघून कोणी निवडू नये म्हणून," त्या दिरांकडे न बघता म्हणाल्या.

खरं तर कारखाने तीनच बूट पाठवणार होते, तिन्ही उजव्या पायाचे. मामांनी आदल्या दिवशीच निरोप पाठवला होता : दोन्ही पाय मागवा. एक पाय सगळेच चांगला करतात.

खुर्ची टेबलामागे होती. मामा तिच्याकडे बघून उभेच राहिले.

"बसा की."

"काम झाल्यावर."

दिरांनी 'क' उचलून मामांच्या नाकाशी नेला. "आधी वास घ्या. अस्सल. दुकान भरून गेलंय नुसतं."

मामांनी वास घेतला. "फार आहे."

"फार म्हणजे?"

"कातड्याला एवढा वास नसतो. हा बाटलीतला आहे. उद्या येईन तेव्हा अर्धा उडालेला असेल. वासावर जाऊ नका, भावोजी. नाकाला फसवणं सगळ्यांत स्वस्त पडतं."

त्यांनी 'क'च्या पुढच्या भागावर अंगठा दाबला. काहीच झालं नाही. एक खळगा पडला आणि भरून आला, रबरी चेंडूवर पडतो तसा.

"इथे सुरकुत्या पडायला हव्यात. बारीक. आपल्या हाताच्या पाठीवर पडतात तशा. कातडं म्हणजे कातडंच, माणसाचं काय आणि जनावराचं काय." त्यांनी बूट खिडकीकडे नेला आणि खिशातलं भिंग लावलं. "आणि ही छिद्रं बघा. सगळी एकसारखी, एका अंतरावर. केस असे उगवत नाहीत. हे कातडं वरून घासून गुळगुळीत केलंय, त्यावर रंगाचा जाड थर दिलाय आणि थरावर छिद्रं छापलीत. तुमचे एकतीस असेच होते."

"पण चमक बघा ना."

"थर चमकतोय. कातडं खाली झोपलंय."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी पाण्याच्या पेल्यात लपवलं. मामांनी त्याच पेल्यात बोट बुडवून तिन्ही जोडांच्या लेसखालच्या जिभेवर, जिथे फारसं पॉलिश लागलेलं नसतं तिथे, एकेक थेंब ठेवला. 'क'वर थेंब छत्रीवर बसतो तसा बसून राहिला. 'ख'वर हळूहळू पसरला आणि खाली गडद डाग दिसू लागला. 'ग'वरही पसरला.

"डाग पडला!" दीर म्हणाले.

"वाळला की जाईल. पाणी प्यायलं म्हणजे तोंड उघडं आहे. तोंड उघडं असेल तर पायाचा घामही बाहेर पडेल. पण नुसत्या थेंबावर निकाल देऊ नका. मेण जास्त लावलं असेल तर चांगल्या कातड्यावरही थेंब बसून राहतो."

नंतर टाके. मामांनी 'क'वर पट्टी ठेवली आणि दाभणाच्या टोकाने मोजलं. इंचाला सतरा.

"भरपूर आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे मजबूत?"

"तिकिटासारखे. एवढी जवळजवळ भोकं पाडली की रेघेवरून फाटतं. दहा-बारा ठीक. हा थोडा नाजूक जोड असता तर चौदा चालले असते." त्यांनी 'ख' घेतला. "अकरा. सगळे एका मापाचे. दोरा कातड्यात बसलाय, वर तरंगत नाही. जिथे लेस सुरू होते ना, खालचा कोपरा, तिथे आडवा टाका दिलाय. सगळ्यात जास्त ओढ तिथेच असते. 'क'मध्ये तो नाहीच. 'ग'मध्ये आहे."

त्यांनी 'क' उलटा केला. सोलच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीवर सुंदर पांढरे टाके होते. खाली, सोलवर, काहीच नव्हतं.

"टाके गेले कुठे?" बाईंनी विचारलं.

"तेच बघतोय. खाली दिसत नाहीत म्हणून नाहीतच असं नसतं. चांगले कारागीर सोलच्या कातड्याची पापडी उचलून टाके तिच्याखाली लपवतात. पण मग कडेने एक बारीक रेघ राहते, पापडी परत चिकटवल्याची." त्यांनी नखाने शोधलं. "रेघ नाही. म्हणजे हे टाके पट्टीत सुरू होतात आणि पट्टीतच संपतात. शोभेचे. सोल नुसता डिंकावर आहे."

"म्हणजे गळ्यातल्या खोट्या मोत्यांसारखे," बाई म्हणाल्या.

"मोती तरी पावसात सुटत नाहीत."

'ख'च्या सोलवर टाके उघडेच होते. मामांनी वर दोन इंचांत मोजले आणि खाली दोन इंचांत मोजले. आकडा सारखा आला. त्यांनी मान हलवली. मग त्या जोडाच्या दोन्ही पायांचे पुढचे भाग शेजारी ठेवून एकदम वाकवले. दोन्हींवर सारख्या बारीक रेघा उमटल्या आणि सोडल्यावर गेल्या. 'ग'च्या डाव्यावर तशाच उमटल्या. उजव्यावर मात्र जाड, सैल घड्या पडल्या, पिशवीला पडतात तशा.

"डावा पाठीच्या कातड्याचा आणि उजवा पोटाच्या," मामा म्हणाले. "पोटाचं कातडं सैल असतं. सहा महिन्यांत उजवा बूट एक नंबर मोठा होईल. तरी हे कातडं खरं आहे हां. कंजूष आहेत, खोटारडे नाहीत."

बाई आता खुर्चीच्या हातावर टेकल्या होत्या. त्यांना मजा येत होती, पण चेहऱ्यावरून ते कळत नव्हतं.

शेवटी अस्तर. मामांनी बोटं आत घातली आणि डोळे मिटले. 'क'चं अस्तर मऊ होतं. फार मऊ, आणि थोड्या वेळाने दमट. त्यांनी ते बाहेर वळवून भिंगाखाली धरलं. "नक्षी बघा. इथला ठिपका दोन इंचांवर परत आलाय. आणि परत. कातड्याचा छाप असलेलं प्लास्टिक." 'ग'मध्ये मागे कातडं होतं, पुढे कापड. "पुढे कापड चालतं. चांगल्या जोडांतही असतं. पण इथे बघा." त्यांनी मागची टाच चिमटीत दाबली. ती दबली आणि दबलेलीच राहिली. "आत पुठ्ठा आहे. आणि खालीही." आतली पातळ गादी त्यांनी टाचेशी नखाने उचलली. खाली राखाडी पुठ्ठा दिसला.

'ख'ची टाच दाबली तशी परत उभी राहिली. आत टोकापर्यंत कातडं होतं, आणि टाचेच्या जागी कातड्याची खरखरीत बाजू वर होती.

"उलटं लावलंय," दीर म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

"मुद्दाम. खरखरीत बाजू मोजा धरून ठेवते, टाच घसरत नाही." त्यांनी गादी उचलली. खाली जाड, फिकट कातडं. त्यांनी जोड टेबलावर ठेवून बोटाने हलवला. डुगडुगला नाही. मग बाहेरच्या बाजूला, टाचेजवळ, नखाएवढी एक पांढुरकी रेघ त्यांना दिसली.

"हा ओरखडा," बाई म्हणाल्या.

"कापल्याचा नाही. जनावराला कधीतरी काहीतरी लागलं, भरलं. घासून काढता आला असता, पण मग वरचं सगळंच घासावं लागलं असतं. यांनी नाही घासलं. टाचेजवळ लावलं, जिथे वाकत नाही." मामांनी 'ख' दोन्ही हातांनी पुढे केला. "हा. डोळे मिटून घ्या. एकशेवीसच्या एकशेवीस."

"नक्की?"

"हातांनी सांगितलंय. हात चुकत नाहीत."

बाईंनी 'ख' घेतला, उलटा केला, आणि काळी चिकटपट्टी ओढून काढली.

खाली त्रिकोण होता.

*

मामा त्या त्रिकोणाकडे बघत राहिले.

तो शिक्का त्यांच्या ओळखीचा होता. रोजच्या ओळखीचा. खोक्यात, त्यांच्या डोक्यामागे, दुरुस्तीला आलेल्या जोडांची एक फळी होती. त्या दिवशी फळीवर अकरा जोड होते. त्यांतल्या नऊ जोडांवर त्रिकोण होता. गेल्या आठवड्यातही असेच. गेली कित्येक वर्षं असंच.

"नाही," मामा म्हणाले.

"काय नाही?"

"हा नको."

"आत्ताच तर एकशेवीसच्या एकशेवीस म्हणालात."

"बाई, मी तुम्हाला सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. त्रिकोण घेऊ नका. उठसूट माझ्याकडे येतात. फळीवर येऊन बघा हवं तर. नऊ! सगळे त्रिकोण."

"मग हे टाके, ते अस्तर, ती रेघ?"

"नमुना आहे. नमुना सगळेच चांगला करतात."

"निरोपात म्हणालात एक पाय सगळेच चांगला करतात. म्हणून मी दोन मागवले. आता किती मागवू?"

दीर खूश झाले होते. त्यांनी 'क' उचलला आणि स्वतःचा चेहरा बघितला.

"मामा," बाई म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. हातांचं ऐकू की फळीचं?"

मामांनी विचार केला. "फळी एकोणीस वर्षांची आहे. हातांनी हा जोड अर्धा तास बघितला."

"मग कुठला?"

"ग. उजवा पाय बदलून द्या म्हणावं. आणि टाचेत पुठ्ठा नको."

बाईंनी 'ग' असं कागदावर लिहिलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. "सहाला ऑर्डर पाठवते. तोपर्यंत विचार करा."

मामा खुर्चीवर न बसता बाहेर गेले. हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

*

दुपारी दोनला बायको डबा घेऊन आली.

"मिळाली?"

"सहाला कळेल."

"कुठला सांगितलात?"

"ग."

"चांगला होता?"

"दुसऱ्या नंबरचा."

तिने डबा ठेवला. "पहिल्या नंबरचा का नाही सांगितलात?"

"तो आपल्या फळीवर येतो."

"तुमच्या फळीवर येतो म्हणजे वाईट? मग तुमच्याकडे आलेली मी काय समजू?" ती म्हणाली आणि निघून गेली. मामांना वाटलं ती चिडलीय. ती नुसती घाईत होती.

*

चारला टायपिस्ट आला. कोर्टात तीस वर्षं टाईप करून निवृत्त झालेला, तरी रोज बूट घालून फिरायला जाणारा. मामांनी फळीवरून त्याचा जोड काढला. काळा, पुढे नवा सोल, मध्ये त्रिकोण.

"झाला का, मामा?"

"झाला. तुम्हाला एक सांगू? पुढच्या वेळी हा कारखाना घेऊ नका. सारखं यावं लागतं."

टायपिस्टाने जोड हातात घेऊन फिरवला. "पुढची वेळ कसली? अहो, याला तेरा वर्षं झाली."

"कशाला?"

"या जोडाला. हा चौथा सोल. चारही तुम्हीच घातलेत की."

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि घातला. त्यांना बूट लक्षात राहायचे, पण काम म्हणून. सोल गेला, आणला, घातला, दिला. एकच जोड चार वेळा आला होता आणि त्यांनी चार तक्रारी मोजल्या होत्या.

"आणि मधल्या काळात दुसरे नाही घेतलेत?"

"घेतले ना! इथूनच, वरून. तुमचे ते भावोजी, त्यांनी गळ्यात मारले. चमकणारे. पावसात सोल तोंड उघडून हसायला लागला."

"माझ्याकडे नाही आणलात."

"आणला होता! तुम्ही पाटीकडे बोट दाखवलंत."

दोघांनी खोक्यावरच्या पाटीकडे बघितलं. *येथे चिकटवलेल्या सोलचे जोड घेतले जात नाहीत.* अक्षरं चांगली होती.

"मग त्याचं काय केलंत?"

"काय करणार? फेकला."

टायपिस्ट गेला. मामा स्टुलावर बसले आणि फळीवरचे उरलेले दहा जोड एकेक करून खाली घेतले. आजवर जोड हातात घेतला की ते तो उलटाच करायचे, कारण काम खाली असायचं. आता त्यांनी आत बघितलं. आतल्या तळव्यावर पावलाचा ठसा किती खोल बसलाय, अंगठ्याची वाटी किती काळी झालीय. पहिला : आठ वर्षं, कमी नाही. दुसरा : अकरा. तिसऱ्याचं अस्तर टाचेशी झिजून कागदासारखं झालं होतं पण फाटलं नव्हतं, वरच्या कातड्यावर बारीक रेघांचं जाळं होतं आणि एकही रेघ तुटलेली नव्हती. सात. पंधरा. नऊ. आठवा जोड त्यांनी नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता.

त्रिकोण नसलेले दोन जोड होते. एकाच्या लेसला गाठ बसली होती. दुसरा टाच उंच करायला आला होता.

फळीवर मेलेले जोड येतच नव्हते. येत होते ते आजारी, म्हणजे जगणारे. मेलेले सरळ कचऱ्यात जात होते, आणि जे चुकून जिवंत खोक्यापर्यंत पोचत त्यांना पाटी परत पाठवत होती. पाटी त्यांनी स्वतः लिहून घेतली होती. आणि मग एकोणीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं, बघा, कसले बूट बिघडतात.

साडेपाच वाजले होते.

जायचं की नाही हा प्रश्न होता. 'ग' ऑर्डर झाला तर खुर्ची त्यांची होती. 'ग' काही वाईट नव्हता. उजवा पाय बदलून मिळाला असता. वर जाऊन हे सांगितलं तर बाई म्हणणार, सकाळी एक, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं, मामा, असा माणूस घेऊन मी करू काय? आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. मामांनी उभं राहायचा प्रयत्न केला. कंबर आधी उठली नाही. दोन्ही हात भिंतीला लावून ते उठले. हे रोजचंच होतं.

त्यांनी त्रिकोणाचे सहा जोड पोत्यात घातले आणि दोन काखेत मारले.

*

"हे काय?" बाई म्हणाल्या. टेबलावर कागद होता. प्रश्नचिन्ह अजून होतं.

मामांनी आठ जोड ओळीने मांडले आणि सगळं सांगितलं. सोल, तेरा वर्षं, पाटी. सांगताना ते उभेच होते. दीर कोपऱ्यातून ऐकत होते.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही माझ्याच पायऱ्यांपाशी बसून माझ्या गिऱ्हाइकांना सांगत होतात की त्रिकोण घेऊ नका."

"हो."

"गिऱ्हाइकं वर येऊन म्हणायची, त्रिकोण नको. म्हणून मी त्रिकोण मागवणं बंद केलं."

"हो."

"आणि मग भावोजींनी ते आरसे आणले."

"माझं नाव कशाला?" दीर म्हणाले.

"आणि एकतीस परत आले. आणि मी चांगला माणूस शोधायला निघाले, आणि तुम्हाला विचारलं."

मामांनी एका बुटाची लेस आत सारली.

बाईंनी ओळीतला एक जोड उचलला, पंधरा वर्षांचा. पुढच्या भागावर अंगठा दाबला. बारीक सुरकुत्या उमटल्या. त्यांनी तो आतून बघितला, टाच चिमटीत दाबली, सोडली. टाच परत उभी राहिली. मग कागदावरचा 'ग' खोडला आणि फोन लावला. तो त्यांनी मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला.

"नमुना मागवलात तेव्हा खरं वाटलं नव्हतं. सहा वर्षांनी ऑर्डर?" पलीकडचा माणूस म्हणाला. त्रिकोणवाला.

"हो. एकशेवीस जोड."

"एकशेवीस नाही जमायचे. चाळीस. आणि दहा आठवडे लागतील."

"का?"

"वरचं कातडं माझी बहीण एकटीच कापते. जोडीचे दोन्ही तुकडे शेजारीशेजारी कापते, एकाच पाठीतून. घाई केली की चिडते, आणि चिडली की दोन दिवस कापतच नाही."

"चाळीस चालतील."

"एक विचारू? तेव्हा बंद का केलं होतंत?"

बाईंनी मामांकडे बघितलं. मामांनी जमिनीकडे बघितलं. जमीन स्वच्छ होती.

"आमच्याकडे मोजण्यात चूक झाली होती," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"चाळीसच?" दीर म्हणाले. "बाकीच्या ऐंशी जोडांच्या जागी काय ठेवायचं?"

"तुम्ही उभे राहा, भावोजी." मग त्या मामांकडे वळल्या. "तुमचं आता. सकाळी ही चिकटपट्टी होती तोपर्यंत तुम्ही एक शब्द चुकला नाहीत. चिकटपट्टी काढली आणि तुमची बुद्धी पायऱ्या उतरून गेली."

"हो."

"म्हणून नोकरी हातांना देते. तोंडाला नाही. यापुढे प्रत्येक नमुना झाकूनच येईल. तुम्ही सांगायचं ते बुटाबद्दल. बनवणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. कोण आहे, कुठला आहे, मागे काय केलं होतं, काही नाही."

"अस्तराबद्दल बोललं तर चालेल?"

"अस्तराबद्दल बोला."

"टाक्यांबद्दल?"

"मामा, बसा."

मामा बसले. पाठीला काहीतरी लागलं तेव्हा ते दचकून पुढे सरकले, वळून बघितलं, आणि हळूहळू परत टेकले. बाई कागदावर 'ख, चाळीस' असं लिहीत होत्या. दीर खिडकीत 'क' घेऊन उभे होते.

"वहिनी, यातला वास खरंच उडाला हो," ते म्हणाले.

दाभणमामांनी स्वतःसाठी नवे बूट आयुष्यात एकदाच विकत घेतले होते, अठ्ठाविसाव्या वर्षी, दारातून शिरल्यावर जो पहिला जोड दिसला तो, न वाकवता.